श्राद्धातला ‘सप्तव्याधी’ श्लोक

प्रश्न: “गिरगावात आमच्या चाळीत पितृपंधरवड्यात पणजोबांचं श्राद्ध व्हायचं. त्यात गुरुजी एक श्लोक म्हणायचे, तो मला तुटक आठवतो: ‘सप्तव्याधी दश अर्णेशू… काळांजरी गिरो… चक्कर वाका शरदीपे, हंसा सरसी मानसी’. पुढचं सगळं गेलं, अगदी शेवटी ‘सीदथ’ की ‘सीदत’ असं यायचं. दर तुकड्याला गुरुजी थांबायचे आणि चाल रामरक्षेसारखी होती. पिंडांच्या वेळी म्हणायचे की जेवणं चालू असताना, ते आठवत नाही. सात आजारांचं काही स्तोत्र असावं असं समजून शोधलं, पण आरोग्याच्याच गोष्टी निघतात. घरातल्या दोन्ही स्तोत्रसंग्रहांत नाही. हे काय आहे?”

तुम्ही दोन गोष्टी नेमक्या लिहिल्यात म्हणून हे सुटलं: गुरुजी कुठे थांबायचे आणि चाल कशासारखी होती. शब्द विसरतात, बदलतात, पण श्वासाची जागा बहुधा पक्की लक्षात राहते. म्हणून शब्दांकडे नंतर वळू, आधी मोजणी करू.

रामरक्षेतलं ‘चरितं रघुनाथस्य’ बोटांवर मोजा. च-रि-तं-र-घु-ना-थ-स्य, आठ अक्षरं. रामरक्षेचे बहुतेक श्लोक या अनुष्टुभ छंदात आहेत. चार चरण, दर चरणात आठ अक्षरं. शाळेत आपण जी गणवृत्तं शिकलो त्यांच्यासारखा इथे प्रत्येक अक्षराचा लघुगुरू ठरलेला नसतो, पण तीन जागा ठरलेल्या असतात. पाचवं अक्षर लघु, सहावं गुरू, आणि सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू तर दुसऱ्या-चौथ्या चरणात लघु. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं की ते गुरू धरायचं, हा शाळेतलाच नियम. म्हणून ‘रघुनाथस्य’मधला ‘थ’ ऱ्हस्व असूनही गुरू आहे. आपल्याला एवढं पुरे.

आता तुमचा सगळ्यात ठळक तुकडा घ्या. हं-सा-स-र-सी-मा-न-सी. आठ अक्षरं भरली, म्हणजे चरण पूर्ण आहे. सहावं ‘मा’ गुरू, सातवं ‘न’ लघु, म्हणजे हा दुसरा किंवा चौथा चरण. पण पाचव्या जागी ‘सी’ दीर्घ आहे आणि तिथे लघु हवा. याचा अर्थ गुरुजी ‘सरसी’ म्हणत नव्हते, ‘सरसि’ म्हणत होते. आपल्या मराठी कानाला शेवटची इ दीर्घ ऐकू येते आणि आठवणीत ती दीर्घच बसते. ‘सरसि’ म्हटल्यावर लगेच अर्थ लागतो: ‘सरस्’ म्हणजे सरोवर, त्याची सप्तमी, सरोवरात. मग ‘मानसी’ हे ‘मानसे’ असणार, कारण विशेषणालाही सप्तमीच हवी. ‘हंसाः सरसि मानसे’, मानस सरोवरातले हंस. शेवटच्या अक्षराबाबत मात्र छंद काहीच सांगत नाही, आठवं अक्षर लघु असो की गुरू, चालतं. तिथे व्याकरणाचाच आधार घ्यावा लागतो.

त्याच्या आधीचा तुकडा उलट्या बाजूने चुकलाय. च-क्क-र-वा-का-श-र-दी-पे, ही नऊ झाली. एक जास्त आहे, आणि ते कुठलं ते उघड आहे: ‘चक्कर’ म्हणजे ‘चक्र’. मराठीत जोडाक्षर फोडून बोलायची सवय आपल्याला असते, त्यातून हे होतं. आता च-क्र-वा-का-श-र-दी-पे, आठ. पण सहावा ‘र’ लघु राहतो आणि तिथे गुरू पाहिजे. ऱ्हस्व ‘र’ गुरू व्हायचा तर त्याच्यापुढे जोडाक्षर हवं. म्हणजे ‘दीपे’ नव्हे, ‘द्वीपे’. ‘चक्रवाकाः शरद्वीपे’, शरद्वीपातले चक्रवाक. सातवं ‘द्वी’ गुरू आहे, म्हणजे विषम चरण, आणि त्यामागून येणारा हंसांचा चरण सम. जोडी जुळली. तुमच्या आठवणीतून गळलेला ‘व्’ छंदाने परत दिला. इतक्या वर्षांनंतरही मला या क्षणाचा आनंद होतो.

‘काळांजरी गिरो’ मोजलंत तर सहाच अक्षरं भरतात. मागून मोजा: ‘रो’ आठवं, ‘गि’ सातवं आणि लघु, ‘री’ सहावं आणि गुरू, ‘ज’ पाचवं आणि लघु. सगळं जागेवर आहे, म्हणजे चरणाचा शेवट शाबूत आहे आणि सुरुवातीची नेमकी दोन अक्षरं हरवली आहेत. पुढे हंस आणि चक्रवाक आहेत, मग इथेही कुणी प्राणी किंवा पक्षी असावा, दोन अक्षरांचा, अनेकवचनी. तो आहे ‘मृगाः’. ‘मृगाः कालञ्जरे गिरौ’, कालंजर डोंगरावरची हरणं.

राहिले तुमचे सात आजार. ‘सप्तव्याधी दश अर्णेशू’ ही नऊ अक्षरं आहेत. ‘दश अर्ण’चा संधी केला की ‘दशार्ण’ आणि आठ होतात: स-प्त-व्या-धी-द-शा-र्णे-षु. पाचवं, सहावं, सातवं तिन्ही नीट बसतात. पण ‘धी’ चौथ्या जागेवर आहे, आणि चौथी जागा मोकळी असते. ‘व्याधी’ असो की ‘व्याधा’, छंदाला दोन्ही चालतात. इथे छंद मदत करत नाही, त्यामुळे व्याकरणाकडे जाऊ. संस्कृतात ‘व्याधि’चं अनेकवचन ‘व्याधयः’ होतं, त्याने एक अक्षर वाढतं आणि मोजणी मोडते. शिवाय बाकीच्या तिन्ही चरणांची घडण पाहा: प्राणी आणि त्याचं ठिकाण. दशार्ण हाही प्रदेश आहे, विदिशेच्या आसपासचा. मेघदूतातला मेघ तिथूनच जातो. मग पहिल्या चरणात त्या प्रदेशात राहणारं कुणीतरी हवं. ते आहेत ‘व्याध’, शिकारी. ‘व्याधाः’चा विसर्ग पुढच्या ‘द’मुळे लोपतो म्हणून ऐकताना ‘व्याधा’च उरतं. सात आजार नव्हते, सात शिकारी होते.

आता पूर्ण पाठ लिहिते:

सप्त व्याधा दशार्णेषु मृगाः कालञ्जरे गिरौ ।
चक्रवाकाः शरद्वीपे हंसाः सरसि मानसे ॥
तेऽपि जाताः कुरुक्षेत्रे ब्राह्मणा वेदपारगाः ।
प्रस्थिता दीर्घमध्वानं यूयं किमवसीदथ ॥

तुमचं ‘सीदथ’ चौथ्या ओळीच्या टोकाला आलं. यू-यं-कि-म-व-सी-द-थ: पाचवं ‘व’ लघु, सहावं ‘सी’ गुरू, सातवं ‘द’ लघु. तुम्ही ‘अगदी शेवटी’ म्हणालात ते बरोबरच होतं.

स्तोत्रसंग्रहात हे सापडलं नाही, कारण हे स्तोत्र नाही. यात कुठल्याही देवाची स्तुती नाही, फलश्रुती नाही, ‘इति श्री’ असा शेवट नाही. स्तोत्रसंग्रह रचणारे या खुणा पाहून निवड करतात. हा पुराणकथेतला श्लोक आहे आणि तो टिकला श्राद्धप्रयोगांच्या पोथ्यांमध्ये, म्हणजे गुरुजी हातात धरतात त्या आडव्या पानांच्या पोथीत. एखादा श्लोक कोणत्या विधीत ऐकला हे आठवत असेल तर आधी त्या विधीचा प्रयोग उघडावा, स्तोत्रांची पुस्तकं नंतर. मुंजीत ऐकलं असेल तर उपनयनप्रयोग, वास्तूत ऐकलं असेल तर वास्तुशांतीचा. मुंबईत निर्णयसागर छापखान्याने असे प्रयोग आणि धर्मशास्त्राचे ग्रंथ भरपूर छापले आणि जुन्या घरांच्या माळ्यावर ते अजून सापडतात. तुमच्याकडे आजोबांची ट्रंक असेल तर तीही बघा.

मूळ कथा हरिवंशात आहे, पितृकल्प नावाच्या भागात. कौशिकाचे सात मुलगे गर्ग मुनींकडे शिकत होते. रानात भुकेने व्याकूळ होऊन त्यांनी गुरूची गाय मारली. पण त्यांच्यातला एक म्हणाला, मारायचीच तर निदान पितरांच्या श्राद्धासाठी मारू. त्यांनी आधी पितरांना अर्पण केलं, मग खाल्लं, आणि गुरूला सांगितलं की वाघाने नेली. पापामुळे पुढचे जन्म हीन मिळाले: शिकारी, हरणं, चक्रवाक, हंस. पितरांना दिल्यामुळे दर जन्मात मागचं आठवत राहिलं. शेवटच्या जन्मात चौघे एका गरीब ब्राह्मणाचे मुलगे झाले आणि तिघे संसाराच्या ओढीमुळे मागचं विसरून मागे राहिले. त्यांतला एक ब्रह्मदत्त राजा, दोघे त्याचे मंत्री. चौघे वनात निघाले तेव्हा त्यांनी बापाला हा श्लोक दिला आणि सांगितलं, राजासमोर म्हणा. तो ऐकताच राजाला आणि मंत्र्यांना सगळे जन्म आठवले. ‘ते लांबच्या वाटेला लागले, तुम्ही का खचून बसला आहात’ हा चौथ्या ओळीचा अर्थ त्या तिघांना उद्देशून आहे. श्राद्धात हा श्लोक का म्हणतात हे यावरून कळतं. पितरांना दिलेलं वाया जात नाही, याची ही साक्ष आहे.

इथे एक धोका आहे, आणि मी स्वतः त्यात फसले आहे. हीच कथा मत्स्यपुराणातही येते आणि तिथेही हाच प्रसंग श्लोकाने सांगितला आहे, पण तो श्लोक वेगळा आहे:

ये विप्रमुख्याः कुरुजाङ्गलेषु दाशास्तथा दाशपुरे मृगाश्च

पुढच्या ओळीत कालंजर आहे, चक्रवाक आहेत, मानस आहे. नावं बघून शोधलंत तर हा सहज हाती लागतो आणि वाटतं, मिळालं. काही वर्षांपूर्वी दादरच्या एका ओळखीच्या घरी मी हाच लिहून दिला होता. त्यांच्या आत्याबाईंनी ऐकला आणि शांतपणे म्हणाल्या, “हा नव्हे गं. आमचे गुरुजी एवढा वेळ श्वास धरत नव्हते.” त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मोजा: ये-वि-प्र-मु-ख्याः-कु-रु-जा-ङ्ग-ले-षु, अकरा अक्षरं. हा आरतीनंतरच्या ‘कायेन वाचा मनसेंद्रियैर्वा’च्या चालीत जातो, ‘चरितं रघुनाथस्य’च्या नाही. तेव्हापासून मी नावं जुळली तरी चाल जुळवल्याशिवाय उत्तर देत नाही. तुम्हीही ही कसोटी स्वतः लावा: दोन्ही श्लोक मोठ्याने त्या त्या चालीत म्हणा. कुठला तुमच्या कानातला आहे, ते पहिल्याच ओळीत कळेल.

चालीवरून शेजारचे श्लोकही वेगळे काढता येतात. श्राद्धात याच्या आसपास ‘ईशानविष्णुकमलासनकार्तिकेय’ असा एक श्लोक बऱ्याच ठिकाणी म्हणतात, त्याचा शेवट ‘पादान्नमामि सततं पितृमुक्तिहेतोः’ असा आहे. तो चौदा अक्षरी वसंततिलकेत आहे, ‘प्रातः स्मरामि हृदि’च्या चालीत. तो तुमच्या श्लोकात मिसळला असता तर लगेच ओळखू आला असता. ‘देवताभ्यः पितृभ्यश्च महायोगिभ्य एव च’ मात्र अनुष्टुभच आहे आणि तोही श्राद्धातलाच. अशा समान छंदाच्या शेजाऱ्यांचे चरण आठवणीत एकमेकांत शिरतात आणि मोजणीने ते पकडता येत नाहीत. तुमच्या तुकड्यांत तसं काही झालेलं नाही, कारण चारही तुकडे एकाच वाक्यात अर्थाने बसतात.

आता शोधण्याबद्दल. अंदाज हाती आल्यावर इंटरनेटवर ताडून पाहायचं असेल तर काय टाइप करता याला फार महत्त्व आहे. ‘हंसाः’ टाकलंत तर काही पानं सुटतील, कारण पुष्कळ ठिकाणी विसर्गाऐवजी साधं अपूर्णविराम चिन्ह टाइप केलेलं असतं. दिसायला सारखं, यंत्राला वेगळं. ‘कालञ्जरे’ तर आणखी अवघड. कुणी ‘ञ्ज’ लिहितो, कुणी ‘कालंजरे’, आणि आपल्यापैकी बरेच जण उच्चाराप्रमाणे ‘काळंजरे’. संस्कृत पाठात ल असतो, ळ नाही. म्हणून विसर्ग, अनुस्वार, ळ आणि संधीची जागा टाळून मधला गुळगुळीत तुकडा घ्यावा. या श्लोकात तो हा आहे, देवनागरीत आणि रोमन लिपीत:

```
"सरसि मानसे"
"sarasi mānase"
```

पहिली ओळ देवनागरी पानांसाठी आहे. दुसरी ओळ GRETIL सारख्या रोमन लिपीतल्या संग्रहांसाठी. तिथे हरिवंशाचा पाठ उघडून पानातच शोधा. छापील हवं असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेची हरिवंशाची चिकित्सक आवृत्ती आहे, परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केलेली. तिच्या तळटीपांत वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ दिलेले असतात.

ते पाठभेद तुमच्यासाठी कामाचे आहेत, कारण तुमचा एक प्रश्न अजून उरला आहे: ‘सीदथ’ की ‘सीदत’. माझ्याकडच्या पाठात ‘यूयं किमवसीदथ’ आहे. दुसरीकडे ‘यूयं तेभ्योऽवसीदत’ असंही म्हणतात, म्हणजे तुम्ही त्यांच्यापेक्षा मागे पडला आहात. यू-यं-ते-भ्यो-व-सी-द-त, हीही आठ अक्षरं आणि तिन्ही जागा बरोबर. ‘तेऽपि जाताः’च्या जागी ‘ते स्म जाताः’ असंही मिळतं आणि तेही बसतं. इथे छंद निवाडा करू शकत नाही, आणि कुठला पाठ ‘शुद्ध’ हा प्रश्नही इथे गैरलागू आहे. तुमच्या घरी कुठला म्हटला जायचा एवढाच प्रश्न आहे. शेवटचा ‘थ’ आणि ‘त’ तर आठवणीवर सोडूच नका, कारण बोलताना आपण अंत्य अ गिळतो आणि ‘सीदथ्’, ‘सीदत्’ कानाला जवळजवळ सारखे लागतात. त्याऐवजी मागचं अक्षर विचारा. ‘किम’ आणि ‘तेभ्यो’ यांत गोंधळ व्हायचं कारण नाही.

घरात त्या काळातलं कुणी असेल, आत्या, काका, चाळीतले शेजारी, तर त्यांना मधूनच शब्द विचारू नका. ‘सरसि मानसे’पर्यंत तुम्ही चालीत म्हणा आणि थांबा. चाल सुरू झाली की पुढचं आपोआप येतं. शब्द विचारले की माणूस आठवायला बसतो आणि अडतो. ते म्हणतील तेव्हा दुरुस्त न करता फोनवर रेकॉर्ड करा, मग शांतपणे लिहून काढा आणि अक्षरं मोजा. त्याच वेळी हेही विचारा की गुरुजी ऋग्वेदी होते की यजुर्वेदी. हा श्लोक विधीत नेमका कुठे येतो हे प्रयोगानुसार बदलतं, त्यामुळे ‘पिंडांच्या वेळी की जेवणाच्या वेळी’ याचं उत्तर त्यांच्या शाखेच्या पोथीतच मिळेल. शाखा कळली की मला कळवा. त्या शाखेचा श्राद्धप्रयोग माझ्याकडे असेल तर ते पान काढून पाठवते.